भातलावणीच्या हंगामात लेप्टोपासून बचावासाठी दर आठवड्याला डॉक्सीसायक्लीन द्यावी का? पुराव्याच्या सारांशाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा सारांश नेमक्या कोणत्या प्रश्नाचं उत्तर देतो?

एकाच. गोव्यात जून-जुलैत सरदाची, म्हणजे पावसाळी भाताची, लावणी सुरू झाली की माणसं दिवसाचे सहा-सात तास पोटऱ्यांपर्यंत चिखलात उभी असतात. हातापायांना चिरा पडलेल्या असतात आणि त्याच पाण्यात उंदरांचं, गुरांचं मूत्र मिसळत असतं. अशा प्रौढ शेतकऱ्यांना आणि शेतमजुरांना हंगामात आठवड्यातून एकदा २०० मिलीग्रॅम डॉक्सीसायक्लीन दिली, तर काहीच न देण्याच्या तुलनेत लेप्टोस्पायरोसिसचा आजार कमी होतो का, हा तो प्रश्न आहे.

या वाक्यात चार गोष्टी आहेत: कोणाला, काय, कशाच्या तुलनेत आणि कोणत्या परिणामासाठी. चौथ्या गोष्टीवर आम्ही अडून बसलो, कारण लेप्टोच्या बाबतीत ‘संसर्ग होणे’ आणि ‘आजारी पडणे’ या दोन वेगळ्या घटना आहेत. रक्तात प्रतिपिंडं वाढली म्हणजे जंतू शरीरात शिरला. पण ताप, अंगदुखी, कावीळ आली तरच माणूस आजारी पडला असं म्हणायचं. हे दोन परिणाम एकत्र मोजले तर पुढचं सगळं वाचन चुकतं. आम्ही मुख्य परिणाम म्हणून प्रयोगशाळेत सिद्ध झालेला आजार धरला आहे. संसर्ग दुय्यम ठेवला आहे आणि मृत्यू व दुष्परिणाम वेगळे पाहिले आहेत.

थोडक्यात उत्तर काय?

ज्या वाड्यावर लेप्टोचे रुग्ण एकगठ्ठा सापडले आहेत, तिथल्या चिखलात काम करणाऱ्या प्रौढांना लावणीच्या काळात मर्यादित आठवड्यांसाठी गोळी देणं सयुक्तिक आहे. आजारी पडण्याचं प्रमाण त्यानं साधारण निम्म्यावर येत असावं. संसर्ग मात्र थांबत नाही, आणि मृत्यू टळतात असा पुरावा नाही. रुग्ण नसलेल्या गावात सरसकट वाटप करायला हा पुरावा पुरत नाही. उत्तरावरचा आमचा विश्वास कमी आहे, कारण ते जवळजवळ एकाच चाचणीवर उभं आहे.

शोध कसा घेतला?

पबमेडवर पुढील ओळ चालवली की संबंधित चाचण्या हाती लागतात:

```
(leptospirosis[mh] OR leptospir*[tiab])
AND (doxycycline[mh] OR doxycycline[tiab])
AND (prophyla*[tiab] OR chemoprophyla*[tiab]
     OR chemoprevention[mh] OR prevent*[tiab])
```

या ओळीत दोन ठिकाणी लोक अडखळतात. पहिलं म्हणजे `leptospir*` हा तारांकित शब्द. तो गाळून फक्त विषयशीर्षक ठेवलं तर ज्यांची अनुक्रमणी अजून झालेली नाही असे नवे लेख निसटतात. दुसरं म्हणजे चाचणीचा फिल्टर. `randomized controlled trial[pt]` सुरुवातीलाच लावला तर त्याच कारणाने ताजे लेख दिसत नाहीत. म्हणून आधी फिल्टरशिवाय शीर्षकं वाचावीत. `prevent*` मुळे लसींवरचे आणि उपचारांवरचे लेखही येतात, पण ते शीर्षकावरूनच बाजूला करता येतात.

त्यानंतर कॉक्रेन ग्रंथालय, दक्षिण अमेरिकेतल्या लेखांसाठी लिलॅक्स आणि सुरू असलेल्या भारतीय चाचण्यांसाठी सीटीआरआय नोंदवही पाहावी. लेप्टो हा पुराचा आणि भातशेतीचा आजार असल्यानं ब्राझील, श्रीलंका, थायलंड, इराण आणि अंदमान इथलं काम महत्त्वाचं ठरतं. नुसत्या बड्या नियतकालिकांवर भागत नाही.

काय निवडलं आणि काय गाळलं?

डॉक्सीसायक्लीन आणि प्लासिबो अशी यादृच्छिक विभागणी केलेल्या चाचण्या निवडल्या. श्रीलंकेत कँडी जिल्ह्यात पेनिसिलिनच्या गोळ्यांवर झालेली आणि २००८ साली प्रसिद्ध झालेली चाचणी प्रश्नाशी जवळची आहे. पण औषध वेगळं, म्हणून ती बाहेर ठेवली. थायलंडमध्ये पुरानंतर एकच मात्रा देऊन केलेल्या अभ्यासात विभागणी यादृच्छिक नव्हती, म्हणून तोही बाहेर राहिला. ज्यानं स्वतःहून गोळी घेतली तो माणूस बूटही घालत असेल, जखम झाकतही असेल. अशा अभ्यासात फायदा गोळीचा की काळजीचा, हे वेगळं काढता येत नाही.

मुख्य पुरावा कोणता?

तीन चाचण्या विचारात घ्याव्या लागतात, पण त्यांचं वजन सारखं नाही.

पहिली ताकाफुजी आणि सहकाऱ्यांची, १९८४ साली प्रसिद्ध झालेली. पनामाच्या जंगलात सुमारे तीन आठवड्यांच्या प्रशिक्षणाला गेलेल्या ९४० अमेरिकी सैनिकांवर ती झाली. आठवड्याला २०० मिलीग्रॅमची मात्रा तिथूनच आली. प्लासिबो गटात २० जण आजारी पडले, म्हणजे ४.२ टक्के. डॉक्सीसायक्लीन गटात एक, म्हणजे ०.२ टक्के. ९५ टक्के संरक्षणाचा जो आकडा सगळीकडे उद्धृत होतो, तो हाच.

दुसरी सेहगल आणि सहकाऱ्यांची, २००० साली प्रसिद्ध झालेली, उत्तर अंदमानातली. लेप्टो जिथे कायमचा आहे अशा भागातल्या ७८२ रहिवाशांना १२ आठवडे गोळी किंवा प्लासिबो दिलं गेलं. संसर्गाच्या प्रमाणात दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. आजारात आढळला: डॉक्सीसायक्लीन गटात ३.११ टक्के, प्लासिबो गटात ६.८२ टक्के.

तिसरी ब्राझीलमधली, साओ पावलोच्या पुरानंतरची, १९९८ची. त्यात एकच मात्रा दिली होती आणि माणसं जेमतेम ८२ होती. एवढ्या लहान संख्येत फायदा असला तरी दिसला नसता आणि नसला तरी सिद्ध झाला नसता. पुराच्या पाण्यातून गेलेल्या माणसाला एकदा गोळी द्यावी का, याचं उत्तर त्यातून मिळत नाही.

९५ टक्के संरक्षणाचा आकडा गोव्याला का लावायचा नाही?

सैनिक बाहेरून आलेले होते. त्या भागातल्या जंतूंशी त्यांच्या शरीराची ओळख नव्हती, संपर्क थोडे दिवस पण तीव्र होता, आणि गोळ्या शिस्तीत घेतल्या गेल्या. आपल्या खाजनात किंवा सत्तरीच्या मळ्यात वर्षानुवर्षं राबणाऱ्या माणसाच्या रक्तात बहुधा आधीपासूनच काही प्रतिपिंडं असतात, आणि त्याचा संपर्क दरवर्षी परत येतो. त्याच्याशी जुळतो तो अंदमानचा रहिवासी. पनामाचा आकडा लावायचाच तर तो पावसाळ्यात पहिल्यांदाच चिखलात उतरणाऱ्याला लावावा. परराज्यातून आलेला मजूर किंवा बचाव पथकातला जवान हे त्यात बसतात.

अंदमानच्या आकड्यांचा हिशेब कसा मांडायचा?

टक्केवारीवरून मूळ संख्या काढता येतात: डॉक्सीसायक्लीन गटात ३८६ पैकी १२ आणि प्लासिबो गटात ३९६ पैकी २७ जण आजारी.

आधी गुणोत्तर घ्या. ३.११ भागिले ६.८२ म्हणजे ०.४६. गोळी घेणाऱ्याचा धोका न घेणाऱ्याच्या ४६ टक्के राहिला. आता फरक घ्या. ६.८२ वजा ३.११ म्हणजे ३.७१ टक्के. शंभर भागिले ३.७१ केलं की २७ येतात. एक आजार टाळायला २७ जणांना पूर्ण हंगाम गोळी द्यावी लागली, असा त्याचा अर्थ.

इथे थांबलं तर चित्र फार गोजिरं दिसतं. आजारी माणसं दोन्ही गटांत मिळून ३९च होती, त्यामुळे या आकड्याभोवतीची अनिश्चितता मोठी आहे. गुणोत्तराचं ९५ टक्के विश्वास-अंतर ०.२३ ते ०.८९ असं येतं. २७ या आकड्याचं अंतर १५ पासून १४७ पर्यंत पसरतं. फायदा आहे ही दिशा पुरेशी स्पष्ट आहे. किती आहे, ते नाही.

संसर्ग तेवढाच राहिला, मग आजार कमी कसा झाला?

आठवड्यातून एकदा घेतलेली डॉक्सीसायक्लीन आठवडाभर रक्तात टिकत नाही. तिचं अर्धायुष्य साधारण १६ ते २२ तास आहे, म्हणजे चौथ्या-पाचव्या दिवशी तिचा अंश नगण्य उरतो. जंतूला शरीरात शिरण्यापासून ती अडवू शकत नाही. पण लेप्टोचा सुप्त काळ बहुतेकांत ५ ते १४ दिवसांचा असतो. संसर्ग कोणत्याही दिवशी झाला तरी पुढची गोळी सात दिवसांच्या आत पोटात जाते आणि वाढीला लागलेले जंतू कमी करते. तोवर शरीरानं जंतू ओळखून प्रतिपिंडं तयार करायला घेतलेली असतात. म्हणून रक्ततपासणी बदललेली दिसते, पण ताप येत नाही किंवा सौम्य येतो. अंदमानच्या निष्कर्षाचा आम्हाला पटणारा अर्थ हा आहे. चाचणीनं तो थेट तपासलेला नाही.

यातूनच एक व्यावहारिक गोष्ट निघते. एक मात्रा चुकली तर दोन मात्रांमध्ये चौदा दिवसांचं अंतर पडतं आणि सुप्त काळ निसटतो. म्हणून चुकलेली गोळी आठवेल त्या दिवशी घ्यायची आणि पुढचे सात दिवस तिथून मोजायचे. पुढच्या वारी दुप्पट घेऊ नये.

पुराव्यात कच्चे दुवे कोणते?

सगळ्यात मोठा दुवा मळमळीचा आहे. कॉक्रेनच्या २००९च्या परीक्षणात डॉक्सीसायक्लीन गटात मळमळ-उलटीची शक्यता प्लासिबोच्या सुमारे ११ पट दिसली, आणि विश्वास-अंतर २ पासून ६० पर्यंत होतं. याचा त्रास रुग्णाला होतो, तसाच चाचणीलाही होतो. उलटी झाली की माणूस ओळखतो, आपल्याला खरी गोळी मिळाली आहे. मग अंग थोडं कसकसलं तर तो कदाचित सांगायलाही येत नाही. आजाराची व्याख्या लक्षणांवर अवलंबून असेल तर एवढ्यानंही औषधाचा फायदा फुगलेला दिसू शकतो.

दुसरा दुवा मृत्यूचा. या चाचण्यांत गंभीर आजार आणि मृत्यू इतके थोडे होते की त्यांच्याबद्दल काही म्हणता येत नाही. ‘गोळी जीव वाचवते’ असं फलकावर लिहू नये.

कॉक्रेनचं २०२४चं नवं परीक्षण डॉक्सीसायक्लीनबरोबर ॲझिथ्रोमायसिन आणि पेनिसिलिनच्या चाचण्याही धरतं. एकूण पाच चाचण्यांनंतरही पुराव्यावरचा विश्वास ‘अत्यंत कमी’ असंच ते सांगतं. आम्ही त्याच्याशी सहमत आहोत. तरीही मर्यादित वापराला होकार देतो, कारण औषध स्वस्त आहे, कालावधी छोटा आहे, आणि आमच्या प्रश्नाशी सर्वांत जुळणाऱ्या चाचणीची दिशा फायद्याची आहे.

आमच्या आरोग्य केंद्राच्या हद्दीत २७ हाच आकडा धरायचा का?

नाही. एक आजार टाळायला किती जणांना गोळी लागेल, हे तुमच्याकडे मुळात किती जण आजारी पडतात यावर ठरतं. गुणोत्तर, म्हणजे ०.४६, बऱ्यापैकी इकडून तिकडे नेता येतं. २७ नेता येत नाही.

समजा, तुमच्या हद्दीत लावणी करणाऱ्या शंभरातल्या एकाला हंगामात लेप्टो होतो. गोळीनं तो धोका १ टक्क्यावरून ०.४६ टक्क्यावर येईल. फरक ०.५४ टक्के, म्हणजे एक आजार टाळायला सुमारे १८४ माणसं. सहा आठवडे, दर आठवड्याला १०० मिलीग्रॅमच्या दोन गोळ्या, म्हणजे माणशी १२ गोळ्या. एका आजारामागे २,२०० च्या आसपास गोळ्या लागतात. विश्वास-अंतराची दोन टोकं धरली तर १८४ऐवजी १३१ किंवा ८८५ही येऊ शकतात. आता त्याच केंद्रातल्या एका वाड्यावर ६० जण लावणीला आहेत असं धरा. गोळीविना त्यांच्यात सरासरी एकाहून कमी रुग्ण अपेक्षित आहे. तिथं वाटप करून हंगामाअखेर ‘एकही रुग्ण नाही’ असं दिसलं, तरी ते गोळीचं यश म्हणता येणार नाही.

मूळ धोका काढताना छेद चुकतो. सिद्ध झालेले रुग्ण भागिले गावाची एकूण लोकसंख्या असं केलं तर धोका फार कमी दिसतो, कारण दुकानदार आणि शाळकरी मुलंही त्यात येतात. छेदात फक्त चिखलात उतरणारे धरावेत. अंशातही एक खोट आहे. अंदमानात माणसांवर नियमित लक्ष ठेवून आजार शोधले गेले. तुमच्या साप्ताहिक अहवालात येतात ते फक्त केंद्रापर्यंत पोचलेले आणि तपासणी झालेले. चार दिवस पॅरासिटामॉल घेऊन बरा झालेला त्यात नसतो. म्हणून नोंदवहीतला आकडा हा धोक्याचा तळ समजावा.

मग नेमकी कोणाला आणि किती आठवडे द्यावी?

राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही याच दिशेच्या आहेत: जिथे रुग्णांचे पुंजके आढळले आहेत तिथल्या शेतमजुरांना, भातशेतीत आणि कालवे-गटारं साफ करणाऱ्यांना आठवड्याला २०० मिलीग्रॅम, सहा आठवडे. आठ आठवड्यांपलीकडे नेऊ नये. सुरुवात लावणीच्या पहिल्या आठवड्यात करावी. ऑगस्टमध्ये रुग्ण वाढल्यावर वाटप सुरू केलं तर संपर्काचा मोठा भाग उलटून गेलेला असतो.

गरोदर बायका, आठ वर्षांखालची मुलं आणि टेट्रासायक्लीन गटातल्या औषधाची ॲलर्जी असलेले यांना देऊ नये. लावणीच्या कामात बायका मोठ्या संख्येनं असतात. म्हणून वाटपाआधी पाळी चुकली आहे का, हे आरोग्यसेविकेनं प्रत्येकीला बाजूला घेऊन विचारावं. ओळीत सगळ्यांसमोर विचारलं तर खरं उत्तर मिळत नाही. जिला ही गोळी देता येत नाही तिला पर्याय म्हणून दुसरं प्रतिजैविक देऊ नये, तेवढा पुरावा नाही. तिला चिखलातलं काम टाळता येईल का, ते पाहावं.

गोळी कशी घ्यायची?

सकाळची पेज झाल्यावर, भरपूर पाण्यासोबत, बसून किंवा उभ्यानं. उपाशीपोटी घेतली की मळमळ वाढते. घोटभर पाण्यात गिळली किंवा घेऊन लगेच आडवं झालं तर कॅप्सूल अन्ननलिकेत चिकटते, तिथे व्रण पडतो आणि दोन दिवस गिळताना छातीत कळ येते. रात्री झोपताना घेण्याचा सल्ला म्हणूनच चुकीचा आहे. घेतल्यावर किमान अर्धा तास, शक्यतो तासभर, आडवं होऊ नये.

लोहाच्या गोळ्या डॉक्सीसायक्लीनला आतड्यात बांधून ठेवतात. रक्तक्षयासाठी लोह चालू असलेल्या बाईनं डॉक्सीसायक्लीनच्या दिवशी लोहाची गोळी घेऊ नये. आम्लपित्ताच्या औषधांनी तेच होतं. त्यात किमान दोन-तीन तासांचं अंतर हवं. या औषधानं कातडी उन्हाला हळवी होते, म्हणून उघडीप असेल तेव्हा पूर्ण बाह्यांचा सदरा आणि डोक्यावर काहीतरी असावं.

वाटप करताना सहा आठवड्यांचा पुडा हाती देऊ नये. दर आठवड्याला ठरलेल्या वारी दोन गोळ्या समोर गिळायला लावाव्यात आणि नाव खुणेनं नोंदवावं. पुडा दिला की मुलाच्या खोकल्याला नाहीतर शेजाऱ्याच्या तापाला त्यातल्या गोळ्या जातात.

गमबूट दिले तर गोळी लागणार नाही ना?

गटारसफाईत आणि गोठ्यात गमबूट चांगले. लावणीच्या खोल चिखलात ते रुतून बसतात, आत पाणी शिरतं आणि दुपारपर्यंत माणूस ते काढून मेरेवर ठेवतो. लावणीसाठी अधिक उपयोगाचं म्हणजे पायाच्या चिरा आणि जखमा कामाआधी जलरोधक पट्टीनं झाकणं आणि काम संपताच साबणानं धुणं. हे उपाय गोळीशी तुलना करून तपासलेले नाहीत, म्हणून गोळी घेणाऱ्यानंही ते सोडू नयेत.

गोळी चालू असताना ताप आला तर?

लेप्टो नाहीच, असं समजू नये. अंदमानात गोळी घेणाऱ्यांपैकीही १२ जण आजारी पडले. डोळे लाल, पोटऱ्या दाबल्यावर दुखतात आणि ताप आहे, अशा माणसाला संशयित म्हणूनच हाताळावं. आठवड्याची मात्रा उपचाराला पुरत नाही. सौम्य आजारात डॉक्सीसायक्लीन १०० मिलीग्रॅम दिवसातून दोनदा, सात दिवस लागते. कावीळ, लघवी कमी होणं, धाप, थुंकीत रक्त यांपैकी काहीही असेल तर वाट न पाहता मोठ्या रुग्णालयात पाठवावं. तिथं शिरेतून पेनिसिलिन किंवा सेफ्ट्रियाक्सोन देतात.

आयजीएम तपासणी तापाच्या पाचव्या दिवसाआधी बहुधा नकारात्मक येते. त्यावर विसंबून उपचार थांबवू नयेत. पहिल्या आठवड्यात रक्ताचं पीसीआर जास्त उपयोगाचं असतं. आणि मलेरियासाठी रक्ताचा नमुना त्याच दिवशी घ्यावा. डॉक्सीसायक्लीन मलेरियापासून वाचवते हे खरं, पण ती रोज घेतली तर. आठवड्याला एकदा घेणाऱ्याला ते संरक्षण नसतं, आणि पावसाळ्यातल्या गोव्यात दोन्ही ताप एकाच वाड्यावर, कधी एकाच घरात असू शकतात. डेंग्यूची तपासणीही त्याच वेळी पाठवावी, कारण पहिल्या तीन दिवसांत हे तिन्ही ताप नुसत्या लक्षणांवरून वेगळे ओळखता येत नाहीत.